दोन पूर, दोन निवेदक: हस्तलिखितावर अभिप्राय

प्रिय मित्रा,

हस्तलिखित वाचून झालं. तू विचारलं होतंस त्याचंच उत्तर देतो. नाशिकच्या १९६९ च्या पुरातली माई आणि २०१६ च्या पुरातला निखिल आळीपाळीने बोलतात, त्यात कादंबरी कमावते की गमावते? नवव्या प्रकरणापर्यंत कमावते. पुढे मात्र गमावत जाते.

निखिल अभिमानाने सांगतो की पुरानंतर आजोबांनी भांडी बाजारातल्या दुकानातली तांब्याची भांडी फुकट वाटली. त्याआधीच माई बोलून गेलीय की चेपलेली, गिऱ्हाईक हात लावेना अशीच तेवढी वेगळी काढली होती, आणि ती तिनेच रात्रभर चिंच लावून घासली. खोटं दोघंही बोलत नाहीत. एकच निवेदक असता तर तुला खुलासा करत बसावं लागलं असतं. इथे तो वाचक स्वतःच करतो, आणि निखिलवर त्याची मायाही जडते.

मोजमापंही आवडली. माई पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजते, निखिल गंगापूर धरणातून सुटलेल्या क्युसेकवर.

नवव्यात माई वाटणीपत्र स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडते. ते पान तुझं सर्वांत चांगलं. पण त्यानंतर निखिल तोच कागद सतराव्यापर्यंत शोधतो. गाळ उपसतो, माळा उलथापालथा करतो, काकांशी भांडतो, आणि पुढच्याच प्रकरणात त्यांच्याकडे चहा पितो! आपण नुसते त्याला कधी कळेल याची वाट बघत बसतो. वाचकाला ठाऊक आहे एवढ्याने शोधाला धार येत नाही. शोधणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं हवं.

मी एक उद्योग केला. निखिलला गाळून माईची प्रकरणं सलग वाचली. कुठेही अडलं नाही. मग निखिलची सलग वाचली, तर दहा, बारा आणि चौदा यांची अदलाबदल केली तरी चालेल असं दिसलं. शिवाय बाराव्यात तो ‘पाणी ओसरलं तशी घराची रया गेली’ म्हणतो. हे माईचं बोलणं झालं, क्युसेकवाल्या पोराचं नाही.

नववं प्रकरण शेवटी ने, असं तुला कुणीतरी सुचवेलच. ऐकू नकोस. इतकं मोकळं बोलणारी माई नेमकं तेवढंच दडवू लागली, तर ती लबाड वाटेल.

त्यापेक्षा निखिलला तो कागद काकांना दुकानातून बाहेर काढायला हवा असू दे. आणि दहाव्यात त्याला थाप मारू दे, ‘वाटणीपत्र सापडलंय.’ काकांना ते खरं वाटेल, पण कागद कुठे गेला हे आपण माईच्या तोंडून ऐकलेलं असेल. मग नवव्यातलं गुपित आधी फोडल्याचा फायदा पुढच्या प्रत्येक पानाला मिळेल, आणि माईला गाळून वाचायची सोय राहणार नाही.

दहा ते सतरामधली निखिलची प्रकरणं नव्याने लिहून पाठव. माईच्या भागात फक्त शुद्धलेखन बघ.

तुझा,
पंचवटीकर