ती. नानाकाकांस 80 वर्षं पूर्ण झाल्याबद्दल

तीर्थस्वरूप नानाकाका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज 14 मार्च 2026. तुमची 80 वर्षं पूर्ण झाली आणि 81वं लागलं. हे मुद्दाम असं लिहिलं, कारण सकाळपासून कुणी 80व्या, कुणी 81व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आहेत, आणि दोघंही बरोबर असू शकत नाहीत हे तुम्ही सोडून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पूर्ण झालेलं वर्ष आणि चालू वर्ष यांत एकाचा फरक असतो, हे तुमच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं विसरू नये. "अभीष्टचिंतन"मधली भी दीर्घ हेही विसरू नये, पण ते आज सोडून देऊ. शुभेच्छा मनापासून असल्या की तुम्ही वेलांटीचा अर्धा मार्क कापत नाही, असा आमचा समज आहे.

तुमचा औक्षणाचा फोटो फार छान आला आहे. निरांजनाच्या उजेडात तुमचा आणि काकूंचा चेहरा सारखाच उजळला आहे. काकूंनी तबकात सुपारी आणि अंगठी दोन्ही ठेवलेली दिसते, म्हणजे औक्षण रीतसर झालं. त्यांनाही आमचा साष्टांग नमस्कार. तुमच्या 80 वर्षांच्या हिशोबात त्यांचा वाटा किती, ते तुम्हीच सर्वांसमोर एकदा मांडावं.

बऱ्याच जणांनी तुम्हाला आजच "सहस्रचंद्रदर्शनाच्या शुभेच्छा" देऊन टाकल्या आहेत. भावना आदराची आहे, पण ती थोडी लवकर पोहोचली. गणिताच्या शिक्षकाला शुभेच्छा द्यायच्या तर ताळा करून द्याव्यात, म्हणून आम्ही तो करून पाहिला. चुकलं असेल तर लाल शाई चालेल.

एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.5306 दिवस जातात. सोयीसाठी 29.5 धरण्याचा मोह होतो आणि गोची तिथेच होते. वर्षभरात तो फरक कळतही नाही, पण हजाराच्या हिशोबात साठत साठत तो साडेतीस दिवसांचा होतो, म्हणजे एक अख्खी पौर्णिमा हातची जाते. दुसरी चूक 1000 ला 12 नं भागण्याची. त्यानं उत्तर 83 वर्षं 4 महिने येतं आणि अधिक महिने बाहेरच राहतात. तिसरी चूक मात्र तुमच्या खास आवडीची आहे, कुंपणाच्या खांबांची. दहा खांबांमध्ये अंतरं नऊच. तसंच पहिल्या पौर्णिमेपासून हजाराव्या पौर्णिमेपर्यंत महिने 1000 नाहीत, 999.

तुमचा जन्म 14 मार्च 1946 चा, गुरुवारचा. पहिली पौर्णिमा तुम्हाला तीनच दिवसांत मिळाली, 17 मार्चची होळीपौर्णिमा. आता 999 गुणिले 29.5306 म्हणजे 29501 दिवस. 80 वर्षांचे दिवस 29220, त्यात 20 लीप वर्षांचा एकेक दिवस आलाच. उरले 281. 17 मार्च 2026 पासून 281 दिवस मोजले की 23 डिसेंबर येतो.

ताळा दुसऱ्या बाजूनंही जमतो. फाल्गुनातल्या पौर्णिमेपासून फाल्गुनातल्या पौर्णिमेपर्यंत 80 वर्षांचे 960 महिने, पहिली होळी धरून पौर्णिमा 961. क्षयमास वजा जाता निव्वळ अधिक महिने 29. एकूण 990. म्हणजे याच 3 मार्चला, जिला ग्रहण लागलं होतं, ती तुमची 990वी पौर्णिमा. आज तुम्ही हजाराला दहा कमी आहात, काका.

ते दहा चंद्रही नावानिशी लिहून ठेवतो, तुम्हाला खुणा करायला सोपं. 2 एप्रिलची हनुमान जयंती 991वी, 1 मेची बुद्धपौर्णिमा 992वी. 31 मेला अधिक ज्येष्ठाची 993वी. यंदा अधिक मास आला नसता तर 23 डिसेंबरची पौर्णिमा मार्गशीर्षात न पडता पौषात गेली असती. मग वटपौर्णिमा, 29 जुलैची गुरुपौर्णिमा (995, त्या दिवशी पुन्हा नमस्काराला येणारच), राखी, भाद्रपदातली, कोजागरी, 24 नोव्हेंबरची त्रिपुरी 999वी. आणि हजारावी दत्तजयंतीला. आमच्या घरातल्या कुणीही ही तारीख निवडलेली नाही, ती गुणाकारातून आली आहे.

म्हणून आमची विनंती अशी. आज वाढदिवसाचा आशीर्वाद द्यावा, आणि 23 डिसेंबरची संध्याकाळ सगळ्या कुटुंबासाठी राखून ठेवावी. पौर्णिमेचा नेमका क्षण 24 तारखेला सकाळी सातच्या सुमारास आहे, पण चंद्र बघायचा तो आदल्या रात्रीच. सूर्यास्ताच्या सुमारास तो पूर्वेला वर येईल, मृगाच्या जवळ. 2026 मधल्या पौर्णिमांपैकी त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असेल, त्यामुळे बिंब जरा मोठंच दिसेल. क्षितिजापाशी इमारती आड येतात, म्हणून उगवल्यावर तास-दीड तासानं गच्चीवर जावं. डिसेंबरात तोवर गारठा पडतो. तेव्हा कानटोपी आणि शाल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि जिन्यात उजेड, एवढी तयारी आमच्याकडे. चष्मा तेवढा तुम्ही विसरू नये. निरांजनं वाऱ्यानं विझतात, तेव्हा औक्षण आधी घरात आणि चंद्रदर्शन मग गच्चीवर, हाच क्रम काकूंनी मंजूर करावा.

तिथीनं तुमचा वाढदिवस फेब्रुवारीच्या अखेरीस, होळीच्या आधीच होऊन गेला. घरात त्या दिवशी पुरण झालं असेल तर आजची शुभेच्छा दुबार धरावी, हरकत नाही. तारखेच्या बाजूनं बोलायचं तर 14 मार्च हा π चा दिवस, आईनस्टाईनचाही जन्मदिवस. तुम्ही त्याचा उल्लेख स्वतःहून कधीच करत नाही, म्हणून आम्ही केला.

काका, उत्तराला एकक लिहिलं नाही तर ते उत्तरच नाही, असं तुम्ही शिकवलंत. वर्षांना एकक कोणतं लावायचं ते तुमच्याकडे पाहून कळतं: सकाळी साडेपाचला उघडलेलं दार, कुणाच्याही नातवंडाला अपूर्णांक शिकवताना न चढणारा आवाज, आणि चूक दाखवल्यावर "पुन्हा करून बघ" म्हणत सरकवलेली कोरी वही. ईश्वर तुम्हाला उदंड आयुरारोग्य देवो. गुडघा साथ देवो, वाचायला डोळे लख्ख राहोत, आणि कोडी घालायची तुमची खोड अजिबात न सुटो. जीवेत् शरदः शतम्. शंभराव्या वर्षापर्यंत पौर्णिमा किती होतील, ते यावेळी आम्ही मोजलेलं नाही. ते तुम्ही आम्हाला करायला द्यालच.

आपले आशीर्वादाभिलाषी,
मकरंद, शुभदा आणि चि. ईशान

ता. क. ईशान म्हणतो, 990 ला 9 नं भाग जातो, 10 नं जातो आणि 11 नंही जातो. आजोबांना आणखी कोणते विभाजक हवेत ते विचारून ठेवा, असं त्यानं सांगितलं आहे.