ओंजळीत घेतलं की निळा रंग कुठे जातो?

देवगडच्या जेट्टीवर पाऊस संपल्यावर उभं राहून बघा, लांबवर समुद्र निळाशार दिसतो, पण पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतलंत तर ते एकदम बिनरंगी. आमची आजी म्हणायची, पाण्याक खंय रंग असता?

1921 साली एका बोटीवर 32 वर्षांचे एक गृहस्थ असेच समुद्राकडे बघत उभे होते. चंद्रशेखर वेंकट रामन. ऑक्सफर्डहून घरी परत येत होते, बोटीचं नाव नारकुंडा, आणि समोर भूमध्य समुद्र इतका निळा की डेकवरून हलवेना. तेव्हा मोठमोठे लोक मानायचे की समुद्रात आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून तो निळा. रामनना ते पटेना. त्यांच्याकडे निकोल प्रिझम होता, म्हणजे कॅल्साइट नावाच्या स्फटिकाचे दोन तुकडे चिकटवून केलेला खडा. पाण्यावर तिरकी आपटून येणारी चकाकी त्यातून बघताना बरीचशी गायब करता येते. आता आभाळाचं प्रतिबिंबच पुसलं तर समुद्र फिका पडायला हवा ना? उलट तो अजून गडद निळा दिसला! म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तिथूनच त्यांनी हे पत्रात लिहून विलायतेच्या साप्ताहिकाला पाठवलं.

पाण्याचे कण उजेड इकडेतिकडे उधळतात आणि त्यात निळा जास्त उधळला जातो, असं रामननी सांगितलं. ते खरंच, पण पाणी लाल रंग गिळतं हेही तितकंच मोठं कारण आहे. थोड्या पाण्यात तो इतका कमी गिळला जातो की कळतच नाही, म्हणून ओंजळ बिनरंगी.

मग पुढचा प्रश्न, उधळलेला उजेड तसाच राहतो की बदलतो? कलकत्त्यात ते आणि के. एस. कृष्णन वर्षानुवर्षं एकेक द्रव घेऊन बसले. उन्हाच्या वाटेत जांभळी काच, मग द्रव, आणि डोळ्यापुढे हिरवी काच, म्हणजे जांभळा उजेड डोळ्यापर्यंत येऊच शकत नाही, काळोखच दिसायला हवा. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तिथे पुसट उजेड दिसला! द्रवातून जाताना थोड्याशा उजेडानं रंगच बदलला होता. 1928 चा फेब्रुवारी होता तो. (त्याच वर्षी मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्ताम यांना स्फटिकात तेच दिसलं, तरी 1930 चं नोबेल एकट्या रामनना मिळालं. कृष्णननाही नाही. मला हे सांगावंसं वाटतं, कारण त्या काळोख्या खोलीत डोळे ताणणारे एकटे रामन नव्हते.)

तुमच्या घरी कोणाचा पोलरॉइड गॉगल असेल तर मागून घ्या. जेट्टीवर उन्हात समोरच्या पाण्याकडे तिरकं बघा आणि गॉगल डोळ्यासमोर धरून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी चकाकी विझेल आणि खालचे खडक, कदाचित एखादा मासासुद्धा, दिसायला लागेल.