सुनीताच्या बदलीचा अर्ज, पुन्हा नीट लिहून

सुनीता, तुझा अर्ज वाचला. राग समजतो गं, सव्वादोन वर्षांत उचलून नवापूरला टाकलं तर कुणाचंही डोकं फिरेल, पण तू तीन पानं एका दमात लिहिलीस आणि त्यात सासूबाईंचं डायलिसिस, साहेबांचा स्वभाव, शेजारच्या टेबलवाल्याला सात वर्षं कसं कुणी हलवलं नाही, आणि शेवटी आमदारांचं पत्र, सगळा काला झालाय. आस्थापनेत मी आयुष्य काढलंय, असा अर्ज आला की आम्ही टिपणी टाकायचो "अर्जदाराच्या कौटुंबिक अडचणी, विचार करता येत नाही" आणि फाईल बंद. म्हणून क्रम उलटा केलाय. आधी कायदा, मग घर. घरच्या अडचणीवर साहेबांना नाही म्हणता येतं, कायद्याच्या मुद्द्यावर नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं.

आमदारांचं पत्र आधी बाजूला काढ. वर्तणूक नियम १९७९ मधला नियम २३ काढून वाच, सेवेच्या बाबतीत बाहेरचा किंवा राजकीय दबाव आणायचा नाही असं तिथं स्पष्ट आहे, ते पत्र जोडलंस तर बदली राहील बाजूला आणि तुलाच कारणे दाखवा नोटीस येईल.

आता सुरुवात अशी:

प्रति,
मा. विभागीय सहसंचालक साहेब,
विभागीय कार्यालय, नाशिक.

द्वारा : मा. तालुका अधिकारी, सिन्नर (योग्य मार्गाने)

विषय : मुदतपूर्व व मध्यावधी बदली आदेशाचा फेरविचार होऊन तो रद्द होणेबाबत विनंती.

संदर्भ : आपले कार्यालयाचा आदेश जा.क्र. आस्था-२/बदली/११८४/२०२५, दि. ३ सप्टेंबर २०२५.

महोदय,

मी, सौ. सुनीता रमेश जाधव, वरिष्ठ लिपिक (गट-क), सिन्नर येथील तालुका कार्यालयात कार्यरत आहे. संदर्भीय आदेशान्वये माझी बदली "प्रशासकीय कारणास्तव" नवापूर, जि. नंदुरबार येथे करण्यात आली असून आदेशाची प्रत मला दि. ४ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. शासनास बदलीचा अधिकार आहे याची मला पूर्ण जाणीव आहे आणि त्या अधिकाराविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. तथापि सदर आदेशाबाबत पुढील मुद्दे आपल्या सहानुभूतीपूर्वक विचारार्थ नम्रपणे सादर करीत आहे.

"अधिकाराविषयी तक्रार नाही" हे वाक्य वाचून तू चिडशील, पण ते राहू दे. बदली हा नोकरीचा भागच आहे असं कोर्टं वर्षानुवर्षं सांगतायत, सुप्रीम कोर्टाचा शिल्पी बोस निकाल १९९१ चा बघ, त्यामुळे "माझी बदली करूच शकत नाही" असं म्हणत गेलीस तर पहिल्याच ओळीत हरलीस. करू शकता, पण कायद्याने ठरवलेल्या रीतीने करा, एवढंच आपलं म्हणणं.

तू लिहिलेलंस : "मला अजून तीन वर्षं पण नाही झाली तरी काढलं, हा सरळ सरळ अन्याय आहे." हे असं जाईल :

मुद्दा १ : पदावधी पूर्ण झालेला नाही.
मी सध्याच्या पदावर दि. १२ जून २०२३ रोजी रुजू झाले. आदेशाच्या दिनांकास माझी या पदावरील सेवा दोन वर्षे दोन महिने बावीस दिवस होते. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५ याच्या कलम ३ नुसार एखाद्या पदावरील सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, आणि सचिवालयाबाहेरील गट-क कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असे दोन पदावधी पूर्ण झाल्यावर त्या कार्यालयातून बदली अपेक्षित आहे. कलम ४(१) नुसार पदावधी पूर्ण झाल्याशिवाय सर्वसाधारणपणे बदली करावयाची नाही. माझा पहिलाच पदावधी पूर्ण झालेला नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणते.

तारखा सेवापुस्तकातल्या नोंदीशी ताडून घे. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी वरचा माणूस तेवढंच पकडून बसतो.

पुढचं तू "सप्टेंबरमध्ये कोण बदली करतं का" एवढंच लिहिलं होतंस, खरं म्हणजे तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे आणि तोच एका ओळीत उडवलास!

मुद्दा २ : बदली मध्यावधी आहे आणि आदेशात कारण नमूद नाही.
उक्त अधिनियमाच्या कलम ४(४) नुसार बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या आहेत. इतर वेळी बदली करता येते ती पद नव्याने निर्माण झाल्यास किंवा सेवानिवृत्ती, पदोन्नती, राजीनामा अशा कारणांनी रिक्त झाल्यास, अथवा अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणे लेखी नमूद करून आणि पुढील वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन. तसेच कलम ४(५) नुसार पदावधी पूर्ण होण्यापूर्वी बदली करावयाची झाल्यास विशेष बाब म्हणून लेखी कारणे आणि लगतच्या वरिष्ठ बदली प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता आवश्यक आहे. संदर्भीय आदेशात "प्रशासकीय कारणास्तव" याखेरीज कारण दिसून येत नाही व पूर्वमान्यतेचा उल्लेखही नाही. अशी कारणे व मान्यता अभिलेखावर असल्यास त्याची प्रत मला उपलब्ध करून द्यावी, ही विनंती.
तसेच मा. सर्वोच्च न्यायालयाने टी.एस.आर. सुब्रमण्यम प्रकरणी दि. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर राज्यात नागरी सेवा मंडळे स्थापन झाली आहेत. माझे प्रकरण मंडळापुढे ठेवले गेले होते काय, याचीही माहिती मिळावी.

बघ, इथं कुठंही "बेकायदेशीर" म्हटलेलं नाही. "दिसून येत नाही" म्हटलंय. फाईलवर मान्यता असू शकते गं, बऱ्याचदा आदेशात लिहीत नाहीत पण टिपणीत असते, आणि आपण बेकायदेशीर म्हणून ओरडलो आणि त्यांनी सहीचा कागद दाखवला तर तोंड कुठं लपवणार. प्रत मागितली की जे काय आहे ते बाहेर येतं. प्रत नाही मिळाली तर माहिती अधिकार आहेच, पण ते नंतर.

आता साहेबांचा विषय. तू लिहिलंस "साहेबांना माझ्यावर डूख आहे कारण मी बिलावर सही करायला नाही म्हटलं, म्हणून कुणाकडून तरी खोटी तक्रार करवली". खरं असेलही, पण पुरावा काय? बिलाचा कागद तुझ्याकडे नाही, तक्रार तू बघितलेली नाही. नाव घेऊन आरोप केलास तर तो सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर आणि त्यांना पण उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, मॅटर वेगळ्याच दिशेला जातं. म्हणून एवढंच ठेवलंय :

मुद्दा ३ : माझ्याविरुद्ध तक्रार असल्यास मला बाजू मांडण्याची संधी मिळावी.
माझ्या सेवेत आजपर्यंत कोणतीही विभागीय चौकशी झालेली नाही आणि कारणे दाखवा नोटीसही मिळालेली नाही. माझी बदली एखाद्या तक्रारीच्या अनुषंगाने झाली असल्यास ती तक्रार मला दाखवण्यात आलेली नाही व माझा खुलासाही घेण्यात आलेला नाही. पडताळणी न करता केवळ तक्रारीवरून शिक्षेऐवजी केलेली बदली टिकू शकत नाही, असे मा. सर्वोच्च न्यायालयाने सोमेश तिवारी विरुद्ध भारत सरकार (२००९) या निकालात म्हटले आहे. तशी तक्रार असल्यास मी चौकशीस सर्व सहकार्य करीन.

सात वर्षं न हललेल्या त्या टेबलवाल्याचं नाव मी पूर्ण काढलंय. त्याला हलवून तुझं काय भलं होणार? उद्या परत त्याच्याच शेजारी बसायचंय.

घरचं आता. इथं तू रडून घेतलंयस दीड पान, मी कागदांपुरतंच ठेवलं, प्रत्येक वाक्याला एक जोडपत्र. ज्याला कागद नाही ते वाक्य नाही.

मुद्दा ४ : कौटुंबिक व वैद्यकीय परिस्थिती.
(अ) माझ्या सासूबाई, वय ७१, यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे नाशिक येथील रुग्णालयात आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते. त्यांच्यासोबत जाण्यास घरात माझ्याशिवाय अन्य प्रौढ स्त्री नाही व माझ्या पतीस शाळेच्या वेळेत जाता येत नाही (प्रमाणपत्र, जोडपत्र ३). मी त्याकरिता माझ्या खात्यावरील रजा व सवलती नियमानुसार घेत असून कार्यालयीन काम प्रलंबित ठेवलेले नाही.
(ब) माझी मुलगी सिन्नर येथे इयत्ता १० वीत शिकत असून तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२६ मध्ये आहे. मुलांचे शिक्षण सुरू असताना सत्राच्या मध्ये बदली शक्यतो टाळावी, हा विचार मा. सर्वोच्च न्यायालयानेही ओ. करुप्पा थेवन (१९९४) प्रकरणी व्यक्त केलेला आहे (बोनाफाईड, जोडपत्र ४).
(क) माझे पती सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. नवापूर तेथून सुमारे दोनशे किलोमीटर असून रोजचे येणे-जाणे शक्य नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाबाबत शासनाचे धोरण विचारात घेण्यात यावे (जोडपत्र ५).

"रजा व सवलती नियमानुसार" हे मुद्दाम टाकलंय, कारण पहिला प्रश्न हाच येतो की मग ऑफिसचं काम कोण करतं. तुझा प्रलंबित कामांचा गोषवारा शून्याचा आहे, तो जोड, तोच बोलेल.

विनंती :
१) संदर्भीय बदली आदेशाचा फेरविचार होऊन तो रद्द व्हावा व मला सध्याच्या पदावर कायम ठेवावे.
२) ते शक्य नसल्यास, किमान मे २०२६ पर्यंत आदेश स्थगित ठेवावा.
३) तेही शक्य नसल्यास, नाशिक तालुका, निफाड किंवा इगतपुरी येथील रिक्त पदावर माझा विचार व्हावा.
४) या निवेदनावर निर्णय होईपर्यंत मला कार्यमुक्त करू नये.
मला कार्यमुक्त करण्यात आल्यास मी आदेशाचे पालन करून नवीन ठिकाणी रुजू होईन व माझे हे निवेदन निर्णयार्थ कायम समजावे, ही नम्र विनंती.

शेवटच्या वाक्याला तू नक्की नाही म्हणणार. तू लिहिलं होतंस "कितीही झालं तरी मी जाणार नाही". हे लिहून ठेवायचं नसतं गं! निवेदन देता येतं, पण आदेश स्थगित किंवा रद्द झाला नाही तर हजर व्हावंच लागतं, नुसता अर्ज केला म्हणून घरी बसता येत नाही, असं गुजरात वीज मंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय. एकतर्फी कार्यमुक्त करून टाकलं आणि तू घरी बसलीस तर विनापरवानगी गैरहजर धरतील आणि पगार बंद, मग बदलीचं भांडण बाजूलाच.

आपली विश्वासू,
सौ. सुनीता रमेश जाधव
वरिष्ठ लिपिक, सिन्नर
दि. ९ सप्टेंबर २०२५

जोडपत्रे : १) बदली आदेश २) रुजू अहवाल व सेवापुस्तकातील नोंद ३) वैद्यकीय प्रमाणपत्र ४) मुलीचे बोनाफाईड ५) पतीचे सेवा प्रमाणपत्र ६) प्रलंबित कामांचा गोषवारा

प्रत सहसंचालकांच्या वरच्या आयुक्तांना माहितीस्तव पाठव, स्पीड पोस्टाने, पावती जपून. इकडे तालुका ऑफिसला देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घे, नुसत्या सहीवर सोडू नको. शिक्का मारायला टाळाटाळ केली तर ऑफिसच्या अधिकृत ईमेलवर पण टाक त्याच दिवशी. मॅटचं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, आत्ताच कुणाकडे बोलू नकोस, आधी वरिष्ठांकडे दाद मागितली का हे तिथं विचारतात, म्हणून तर हा कागद एवढा घासतोय, पण अर्ज पडून असताना कार्यमुक्तीचा आदेश आलाच तर मात्र त्याच दिवशी मला फोन कर, नाशिकच्या केसेस मुंबईच्या बेंचकडे जातात आणि स्थगिती मागायची तर उशीर परवडत नाही.

मामा

ता.क. : सही निळ्या पेनने कर, आणि "आमच्या साहेबांना पण आई आहे" हे वाक्य शेवटी तू परत घालशील म्हणून सांगतो, घालू नको.