तीच कविता, यंदाच्या पावसात

ताई,

तू फोनवर म्हणालीस, "नवीन काही लिहू नकोस. ती जुनीच कविता आनंदाची करून दे, श्रावणातल्या पूजेला ओटीवर बसून वाचू." तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण ठेवल्यावर वाटलं, हे कसं जमायचं? २०१८ च्या पावसात आजी गेली, घराला टाळं लागलं, त्यानंतर चार दिवसांत मी ती कविता लिहिली होती. तिच्यातला शब्द न् शब्द रडत होता. आता आई आणि दादा कायमचे तिकडे राहायला गेलेत, खाचरं पुन्हा लागली आहेत, आणि तीच कविता त्या घरात हसली पाहिजे.

आधी जुनी पुन्हा वाच. तुझ्याकडे असलेल्या कागदावर तिसरं कडवं पाण्याने पुसलंय, म्हणून सगळीच उतरवते.

मिरगाच्या आल्या सरी
पागोळ्या मोजाया कोणी
नाही आता ओटीवर
फक्त कौलातले पाणी

दाराला लावले टाळे
त्यास गंज खात जाई
वारा कडी वाजवितो
आतून ओ येत नाही

खुंटीवरचे इरले
कोरडे या पावसात
पाठ त्याची हरवली
वाळवी शिरली आत

खाचरात तण दाटे
नाही तरव्याचे रोप
नांगराच्या फाळालाही
लागली गं गाढ झोप

चुलीपाशी थंड राख
मांजराचे घर झाले
कौलांतून धूर नाही
ढग नुसतेच आले

मुंबईच्या खिडकीत
उभी मी डोळे भरून
ओळखीचा एक थेंब
गेला गं काचेवरून

घाट लहान अभंगासारखा, चरणाला आठ अक्षरं, दुसऱ्या-चौथ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच धरायचं. हा घाट मोडायचा नाही, कडवी सहाच ठेवायची आणि प्रत्येक कडव्यात वस्तू तीच राहील, असं मी ठरवून टाकलं. पागोळीच्या जागी इंद्रधनुष्य आणि राखेच्या जागी मोर आणून कविता आनंदी होते, पण ती आपल्या घराची राहत नाही.

पहिल्याच कडव्यात अडले. दोन दिवस काही सुचेना. मग ते कडवं मोठ्याने म्हणताना दुसऱ्या ओळीला श्वास संपला आणि मी "कोणी"वर थांबले. थांबल्यावर ऐकू आलं की तिथपर्यंत कविता दुःखी झालेलीच नाही! पाऊस आलाय, पागोळ्या आहेत, कोणी आहे. दुःख येतं ते पुढच्या "नाही"ने. मराठीत "कोणी" हा शब्द दोन्ही बाजूंना उघडतो, कोणी नाही आणि कोणी आलंय. म्हणजे पहिल्या दोन ओळींना हातही लावायचा नव्हता. ताई, मी खरंच उठून पाणी प्यायले.

तिथून पुढे हाच शोध चालू झाला, कोणती ओळ जशीच्या तशी राहू शकते. कडी वाजवणारा वारा तोच, फरक एवढाच की आता आत आई आहे, आणि ती स्वयंपाकघरातून हात पुसत "आले, आले" म्हणत येते. तुला माहीतच आहे, दारात वारा असला तरी ती येऊन बघतेच. फाळाची ओळही तशीच राहिली, झोप आधी लागत होती, आता येत नाही. पेरणी जवळ आली की आजोबा रात्री उठून आभाळ बघायचे, ती जाग मला तिथे हवी होती.

इरल्याचं कडवं सोपं वाटलं होतं, पण तिथे खोटं लिहून चालणार नव्हतं. सात वर्षं वाळवीत पडलेलं इरलं कोण पाठीवर घेईल? म्हणून दादाला विचारलं. तो म्हणाला, कामट्या शाबूत आहेत, पानं तेवढी नवी बसवली. त्याने फोटोही पाठवला. त्यात इरल्याखालून फक्त दोन चिखलाचे पाय दिसतात. पाय कुणाच्या पोराचे ते सांगत नाही, पूजेला येशील तेव्हा ओळख.

एका शब्दावरून मात्र दादाशी वाद झाला. यंदा पाऊस मृगाची वाट बघत बसलाच नाही, २५ मे ला रोहिणीतच तळकोकणात उतरला. दादा म्हणतो, "मग 'रोहिणीच्या आल्या सरी' लिही, अक्षरंही आठच भरतात." भरतात खरी. पण आई घरात पाय ठेवायला गेली ती मृगातच, ७ जूननंतर. आणि ही कविता पंचांगाची नाही, आईच्या येण्याची आहे. मी "मिरगाच्या"च ठेवलंय. त्याला सांग, माझं ऐकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या कडव्याने घेतला. आधी तिथे सगळे मिळून नाचतायत असं काहीतरी लिहिलं होतं, ते फाडलं. डोळे भरून येणं मला काढायचं नव्हतं. टाळं काढलं त्या दिवशी आपण तिघंही रडलो होतो ना? म्हणून "उभी मी डोळे भरून" ही ओळ मी हलवली नाही. फक्त खिडकी बदलली. आणि काचेवरून घसरून गेलेला तो थेंब, सात वर्षं तो कुठे होता, याचं उत्तर यमकानेच दिलं.

ही घे.

मिरगाच्या आल्या सरी
पागोळ्या मोजाया कोणी
बसले गं ओटीवर
ओंजळीत घेई पाणी

दाराचे काढले टाळे
गंज धुऊनिया जाई
वारा कडी वाजवितो
"आले, आले" म्हणे आई

खुंटीवरचे इरले
उतरले पावसात
पाठ त्याला सापडली
एक पोर हसे आत

खाचरात पाणी दाटे
डोले तरव्याचे रोप
नांगराच्या फाळालाही
आज येत नाही झोप

चुलीपाशी ओली पोरे
मांजरही जागे झाले
कौलांतून धूर जाई
ढग भेटायला आले

या घराच्या खिडकीत
उभी मी डोळे भरून
ओळखीचा एक थेंब
आला मुंबईवरून

वाचायची तूच, तुझा आवाज आईला लांबूनही कळतो. चाल लावू नकोस, आजी दळताना म्हणायची तशा सरळ लयीत जाऊ दे. जुनी कविता त्या दिवशी वाचायची की नाही, हे आईला विचारून ठरव. मला विचारशील तर आधी जुनीचं पहिलं कडवं म्हण, आणि मग न थांबता नवी सुरू कर. ओटीवर बसलेल्यांना वाटेल तू तेच पुन्हा म्हणतेयस. "कोणी"पाशी मात्र श्वास घे, आणि पागोळ्यांकडे बघ.

तुझी,
धाकटी