पंगतीतला उखाणा: थोडा मराठी, थोडा इंग्लिश

(एरंडवण्यातलं कार्यालय. दुपारची पंगत. नवरीच्या हातात जिलबी, नवऱ्याचं तोंड अर्धं उघडं. एका बाजूला आत्या-माम्या, दुसऱ्या बाजूला तिच्या ऑफिसचे पाहुणे.)

अहो, तोंड मिटा. आधी उखाणा, मग घास.

डिअर गेस्ट्स, वेलकम! मंडळी, नमस्कार!
नो पीपीटी, नो स्लाइड्स, ओळी फक्त चार.

आज्जी माझी आजोबांना म्हणायची फक्त 'अहो',
हिज नेम वॉज सो प्रेशस, नोबडी शुड नो!

आय कॉल हिम 'अरे ऐक ना', सासूबाई, सॉरी,
नाव येईल शेवटी, फर्स्ट यू हिअर द स्टोरी.

स्कार्फ, गॉगल, सनकोट घालून स्कूटीवरती मी,
ही वेव्ह्ड ॲट द राँग गर्ल, अँड अवे रॅन शी!

दुपारी दोनला डेक्कनवर म्हणे, "बाकरवडी खाऊ?"
नागपूरचा बिचारा! आय सेड, "नॉट पॉसिबल नाऊ!

वन टू फोर इन पुणे, क्लोज्ड इज एव्हरी शॉप,
देवपूजेहून पवित्र इथे दुपारची झोप."

दोन तास पायरीवर बसून राहिलो नीट,
बाकरवडी वॉज स्पायसी, बट द बॉय वॉज स्वीट.

(करवल्या: नाव! नाव!)

घेते गं! चार ओळी म्हणाले होते खऱ्या, पण 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून तासाने आलेल्यांनी तरी मोजू नयेत.

सासरच्या त्या रश्श्याने आय स्टार्टेड टु क्राय,
आमच्या आमटीत गूळ बघून ते म्हणाले, "हे काय?"

म्हणून आमच्या किचनमध्ये सिंपल आहे रूल:
ही विल मेक द रस्सा, अँड ही विल क्लीन द चूल.

(नागपूरकर काका, टाळी वाजवलीत, म्हणजे तुम्ही साक्षीदार!)

अक्षता पडल्या डोक्यावर, द राइस इज इन माय हेअर,
अंतरपाट सरला तेव्हा, थँक गॉड, ही वॉज देअर!

आता ऑफिसच्या टेबलासाठी. लिसन केअरफुली. वाढपीकाकांना 'नो थँक यू' कळतं, पण पटत नाही. पानावर हात आडवा धरायचा, दोन्ही हात.

मठ्ठा इज नॉट मिल्कशेक, मसालेभात नॉट फ्राइड राइस,
'नो' म्हणाल तर दोन जिलब्या, सो प्लीज थिंक ट्वाइस.

(करवल्या: नाव!! जिलबी गार झाली!)

पाक ओघळला कोपरापर्यंत, द पैठणी इज ॲट स्टेक,
ईशानरावांचं नाव घेते, आ करा, फॉर गुडनेस सेक!