मृगाआधी ग्रंथालयावर छप्पर

मुखपृष्ठ

जिल्हा परिषद शाळा, मधलीवाडी
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

शिमगा २०२६
गावकरी आणि चाकरमानी मंडळींसाठी

हवेत : २,७३,००० रुपये
मुदत : मृग लागेपर्यंत

फोटोखालची ओळ : उजव्या कोपऱ्यातली निळी ताडपत्री दरवर्षी नवी असते, भोक मात्र तेच.

आतलं पहिलं पान : पावसाळ्यात आमचं ग्रंथालय कुठे असतं

जूनपासून दिवाळीपर्यंत आमचं ग्रंथालय तीन ठिकाणी विभागलेलं असतं. गोष्टींची पुस्तकं दुसरीच्या वर्गात, कोश आणि नकाशे बाईंच्या टेबलाखाली आणि उरलेलं सगळं पोषण आहाराच्या तांदळाशेजारी. तिसरीतल्या एका मुलीने मागच्या श्रावणात विचारलं, “बाई, माशांचं पुस्तक तांदळात आहे की टेबलाखाली?” तिचे वडील हर्णै बंदरात होडीवर जातात, आणि ती ते पुस्तक चौथ्यांदा मागत होती. ते तांदळात होतं. बाहेर काढलं तेव्हा पापलेटचं पान सरंग्याच्या पानाला चिकटलेलं. दोन्ही माशांची नावं एकाच पानावर आली म्हणून मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

३ जून २०२०ला निसर्ग वादळाने या खोलीची मागची बाजू उघडी केली. त्या दिवशी कोणाच्या घरावर कौल राहिलं होतं? आधी माणसांची घरं झाली, मग वर्ग झाले. दुरुस्तीचा निधी आला तो वर्गखोल्यांना गेला, आणि ते बरोबरच झालं. ग्रंथालयाची पाळी मागे राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी तौक्ते आलं आणि लावलेली कौलंही सरकली.

२०१९च्या दप्तरात २,३१० पुस्तकांची नोंद आहे. यंदा जानेवारीत सातवीच्या मुलांनी मोजली तेव्हा १,१४६ भरली. बाकीची थोडी पाण्याने गेली, जास्त वाळवीने आणि कसरीने. ओल आली की हे दोघे पाहुणे न बोलावता येतात.

मधलं पान : काय करणार, किती लागणार

खोली चोवीस फूट बाय सोळा. भिंती जांभ्याच्या, आजही धडधाकट. जोतं उंच आहे. दुखणं आहे ते डोक्यावर.

छप्पर : १,३५,०००
भिंतींचे सांधे आणि रंग : ४०,०००
फरशी : ४५,०००
आठ मांडण्या : ६०,०००
दोन खिडक्या, जाळीसह : १८,०००
दिवे, पंखे, वायरिंग : १७,०००
नवी पुस्तकं : ३०,०००
एकूण : ३,४५,०००
गावातून जमलेले : ७२,०००
अजून हवेत : २,७३,०००

छप्पर म्हणजे कुजलेले वासे आणि रिपा काढून आईनाच्या नव्या घालायच्या, वर अॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर आपली मंगलोरी कौलं. नुसता पत्रा टाकला असता तर पैसे वाचले असते. पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये मूल वाचत नाही, भाजतं. आणि पावसात बाईंचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. कौलांखाली पत्रा असला की एखादं कौल सरकलं तरी पाणी पुस्तकांवर येत नाही. दरवर्षी मेमध्ये शाकारणी मात्र करावी लागेल. ती पालक श्रमदानाने करतील, तसा ठराव झाला आहे.

मांडण्या लाकडी की लोखंडी, यावर समितीच्या दोन सभा गेल्या. लाकूड वाळवी खाते, लोखंड खारी हवा खाते. शेवटी पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी मांडण्या ठरल्या. त्या भिंतीपासून सहा इंच सुटलेल्या आणि जमिनीपासून नऊ इंच उंच असतील, म्हणजे मागून वारा खेळेल आणि खालून झाडू जाईल. सर्वात वरचा कप्पा चौथीच्या मुलाचा हात पोचेल एवढाच. कुलपाचं कपाट एकही नाही. आधीच्या कपाटाची किल्ली हरवली होती, म्हणून त्यातली पुस्तकं दोन वर्षं सुरक्षित राहिली आणि कोणी वाचली नाहीत.

फोटोखालची ओळ : पश्चिमेची भिंत. काळा पट्टा ओलीचा आहे, सावलीचा नाही.

आतलं तिसरं पान : तुमच्या देणगीतून

२५० रुपयांत एक चौरस फूट छप्पर होतं, म्हणजे २,५०० मध्ये दहा. ७,५०० मध्ये एक पूर्ण मांडणी. ५०० दिलेत तर पहिलीच्या मुलांना चित्रांची काही पुस्तकं येतील. पन्नास रुपयेही घेतो, आणि त्याचीही पावती मिळते.

सगळ्यात आधी छप्पर. त्याला अजून ६३,००० कमी आहेत. एवढे मार्चअखेर जमले तर परीक्षा संपताच सुतार कामाला लागेल आणि मृगाआधी कौलं चढतील. नाही जमले, तर यंदाही ताडपत्री. तुमचे पैसे बँकेत राहतील आणि काम दिवाळीनंतर सुरू होईल. जास्त जमले तर पुढच्या शाकारणीच्या कौलांसाठी ठेवू.

भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी लावणार नाही. ज्यांना नाव हवं आहे, त्यांचं नाव नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मुलं स्वतःच्या अक्षरात लिहितील. आजी-आजोबांच्या स्मरणार्थ असेल तर तसंही.

एक विनंती, राग मानू नका. जुनी पुस्तकं गोणीत भरून पाठवू नका. मागच्या खेपेला दोन गोणी आल्या, त्यात दहावीची जुनी गाइडं आणि एका गृहनिर्माण संस्थेचे अहवाल निघाले. मुलांनी वाचावं असं पुस्तक असेल तर आधी बाईंना नाव कळवा.

मागचं पान : पैसे कसे द्यायचे

पालखी सहाणेवर असेल तोवर शाळेच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चार ते सात समितीचे दोघेजण पावतीपुस्तक घेऊन बसतील. त्यानंतर शाळेच्या वेळेत मुख्याध्यापक बाईंकडे द्या. मुंबईकरांनी आपल्या मंडळाच्या खजिनदारांकडे दिले तरी चालेल, पण पावती शाळेचीच मागून घ्या. धनादेश ‘शाळा व्यवस्थापन समिती’च्या नावे काढावा.

मोबाइलवरून पैसे भरायचा कोड फक्त ऑफिसच्या दारावर चिकटवला आहे. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला कोड आमचा नाही.

या देणगीवर आयकर सवलतीचं प्रमाणपत्र आम्ही देऊ शकत नाही. विचारणा होते म्हणून आधीच सांगितलं.

जमा-खर्च दर शनिवारी शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहू. बिलांची फाइल गणपतीत ओट्यावर ठेवू. कोणीही उघडून बघा.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापक आणि मुलं

✂ – – – इथून कापा (मागे मुद्दाम काही छापलेलं नाही) – – – ✂

देणगी चिठ्ठी
जि. प. शाळा, मधलीवाडी : ग्रंथालय दुरुस्ती

पूर्ण नाव (पावतीवर हवं तसं) :
वाडी किंवा मुंबईचा पत्ता :
मोबाइल (पावती पाठवण्यापुरता) :

माझी देणगी
☐ २५० ☐ ५०० ☐ २,५०० ☐ ७,५०० ☐ वेगळी रक्कम, अंकी व अक्षरी :

कशासाठी
☐ छप्पर ☐ मांडणी ☐ पुस्तकं ☐ जिथे कमी पडेल तिथे

पैसे
☐ सोबत रोख ☐ सोबत धनादेश ☐ कोडवरून भरले, तारीख :
☐ आता नाही, गणपतीला येईन तेव्हा

पुस्तकावर नाव
☐ माझं ☐ यांच्या स्मरणार्थ : ☐ नको

पैशांऐवजी
☐ कौलं उतरवायला एक दिवस येईन ☐ सुतारकाम किंवा वायरिंग येतं ☐ टेम्पो देऊ शकतो

सही व तारीख :

चिठ्ठी ओट्यावरच्या पेटीत टाका किंवा शाळेत येणाऱ्या कोणत्याही मुलाच्या हाती द्या. सोबत रोख असेल तर मात्र मुलाकडे देऊ नका.