आईला सकाळचा मेसेज, आणि उत्तर नाही आलं तरच दादाला

(एकदाच, आज रात्री)
आई, ऐक ना. परवा तू फोन उचलला नाहीस म्हणून मी अकरा कॉल केले, शेजारच्या काकूंना उठवलं, आणि तू निवांत गच्चीवर कुरडया घालत होतीस 😅 चिडलीस ते बरोबरच होतं तुझं. म्हणून आता असं करूया, उद्यापासून रोज सकाळी ८ ला माझा एक मेसेज येईल. लिहिलेला मीच आहे, पण सुटतो आपोआप, कारण आठला मी ठाण्याला लोकलमध्ये लटकलेली असते. उत्तर मात्र मीच वाचणार. काहीही पाठव, अंगठा, फूल, तुझा तो झगमगीत गुड मॉर्निंगवाला गणपती, नाहीतर नुसतं "ह". चष्मा सापडत नसेल तर माईक दाबून बोल. फक्त वाचून सोडून देऊ नकोस हं, निळ्या खुणा मी उत्तर म्हणून धरणार नाही, फोन त्या खालच्या पिंकीच्या हातातही असतो.

साडेनऊपर्यंत काही नाही आलं तर परत विचारेन, दहाला फोन करेन, एकदा मोबाइलवर आणि एकदा घरच्या लँडलाइनवर. तेव्हाही नाही लागला तर सव्वादहाला गोडोलीच्या दादाला कळवेन. त्याच्याआधी कुणालाच नाही, फॅमिली ग्रुपवर तर कधीच नाही, आत्याला कळलं की सगळ्या साताऱ्याला कळलं.

संकष्टीला पहाटेच निघणार असशील किंवा वाईला जाणार असशील तर आदल्या रात्री "उद्या नाही" एवढं टाक, त्या दिवशी सुट्टी. आणि नकोच वाटलं तर "बंद" लिही, बंद करेन, भांडणार नाही (थोडीशी भांडेन). एकच विनंती, रात्री वरची कडी लावू नकोस, नुसतं लॅच लाव, म्हणजे काकूंकडची चावी चालेल.

(रोज सकाळी ८:००)
आई, उठलीस का? चहा झाला? काहीतरी पाठव, मग मी निवांत कामाला लागते 🌼

(९:३०, उत्तर नसेल तर)
आई, सकाळपासून काही आलं नाही तुझं. नळाला पाणी आलं असेल, भाजीवाला असेल, माहितीये मला. घाई नाही, पण हातातलं झालं की एक अंगठा टाक. दहाला फोन करते. बरं वाटत नसेल तर नुसता मिस्ड कॉल दे, बोलू नकोस, मला कळेल.

(१०:१५, दादाला, दोन्ही फोन लागले नाहीत तरच)
दादा, घाबरू नकोस, पण आईकडे एक चक्कर मारशील का आत्ता? सकाळी ८ आणि ९:३० चे मेसेज गेलेत, उत्तर नाही, दहाला मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही वाजून वाजून बंद झाले. बहुतेक फोन घरात ठेवून बाहेर असेल, तरी बघून ये. यादोगोपाळ पेठेतलं घर, दुसरा मजला, चावी खालच्या काकूंकडे. आधी बेल वाजव, हाक मार, लगेच दार उघडू नकोस, अंघोळीला असली तर उगाच दचकेल.
आत पडलेली दिसली तर ओढून उठवू नकोस, आधी १०८ लाव आणि मग मला. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे तिला, डोक्याला लागलं असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी हे आधी सांग. गोळ्यांचा कागद फ्रीजच्या दारावर चिकटवलाय, डॉक्टरांचा नंबर त्याच्यावरच आहे.
वाचलंस की "निघालो" एवढं टाक. १० मिनिटांत तुझं काही नाही आलं तर मी काकूंनाच वर पाठवते.

(मधेच आईचं उत्तर आलं तर, दादाला)
दादा आलं रे तिचं! ठीक आहे. निघाला असशील तर परत फिर, नाहीतर वर जाऊन चहाच पिऊन ये, पण मेसेजचं काही बोलू नकोस, कंदी पेढे द्यायला आलो म्हण.

(आणि आईला)
आलं गं तुझं उत्तर, बरं वाटलं. उशीर का झाला ते विचारत नाही. कुरडया किती झाल्या तेवढं सांग, आणि मला ठेव.